कमिशन दादाचं, फी काकांची

माझा थोरला भाऊ विमा एजंट झाला तेव्हा आमच्या गिरगावातल्या चाळीत कोणाला फारसं आश्चर्य वाटलं नाही. दादाला बोलायला लहानपणापासून आवडायचं. गॅलरीत दाढी करता करता तो खालच्या मजल्यावरच्या माणसाशी गप्पा मारायचा आणि साबण वाळून जायचा. फोर्टातल्या एका पेढीतली कारकुनी त्याने दोन वर्षं कशीबशी केली. मग एक दिवस पांढरा शर्ट, कातडी बॅग आणि एका विमा कंपनीची एजन्सी घेऊन तो घरी आला. आईने बॅगेला हळदकुंकू लावलं.

तेव्हा विमा सरकारी झालेला नव्हता. ढीगभर कंपन्या होत्या आणि प्रत्येकीचे एजंट चाळीचाळींतून फिरत. दादाला पगार नव्हता. विमा उतरवला की पहिल्या वर्षाच्या हप्त्यातला तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त भाग त्याला कमिशन म्हणून मिळायचा. पुढे दर वर्षी गिऱ्हाइकाने हप्ता भरला की थोडं थोडं. आमच्या घरात पहिला पंखा आला तो या कमिशनवर. माझ्या टायपिंगच्या क्लासची फीही त्यातूनच जायची. त्यामुळे दादाची पॉलिसी खपली की आम्ही सगळेच खूश व्हायचो. ती कोणाला खपली, त्या माणसाला ती हवी होती का, हा प्रश्न आमच्या घरात कधी निघाला नाही. निघेल कसा?

दादा लबाड नव्हता, हे आधीच सांगते. लोकांच्या बारशाला जायचा, मयतीला खांदा द्यायचा. ‘मुंबई कोणाची’ यावरून शहर पेटलं होतं. दादा प्रभातफेरीत पुढे असायचा आणि फेरी संपली की चहाच्या टेबलावर दोघाचौघांना विम्याचं महत्त्व पटवून द्यायचा. आई म्हणायची, “अरे, निदान घोषणा देताना तरी धंदा विसर.” तो म्हणायचा, “आई, महाराष्ट्र मिळेल तेव्हा मिळेल, माझा कोटा डिसेंबरात संपतोय.”

तो कोटा त्याच्या डोक्यात बसला होता. वर्षअखेर ठरलेल्या रकमेचं काम झालं तर कंपनी त्याला इन्स्पेक्टर करणार होती. म्हणजे पक्का पगार, हाताखाली चार एजंट. इन्स्पेक्टरच्या नोकरीवर त्याचं लग्न ठरेल अशी आईची खात्री होती.

माझा टायपिंगचा क्लास ठाकूरद्वारला होता. क्लासला जाताना एका वाडीच्या तोंडाशी मला रोज एक पाटी दिसायची. काळ्या फळीवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: ‘विम्याबाबत सल्ला मिळेल. फी रुपये पाच. येथे विमा विकत मिळत नाही.’

पाटी लावणारे गृहस्थ एका विमा कंपनीच्या हिशेबखात्यातून निवृत्त झाले होते. हप्ते कसे ठरतात, बोनस कुठून येतो, हे ठरवणाऱ्या खात्यात त्यांची हयात गेली होती. वाडीतली माणसं त्यांना फीवाले काका म्हणत आणि हसत. हसण्यासारखंच होतं ते. एजंट घरी येतो, फुकट सल्ला देतो, वर दिवाळीला कॅलेंडर देतो. आणि हे गृहस्थ खुर्चीत बसून नुसतं बोलण्याचे पाच रुपये मागतात! दादा तर त्यांची नक्कल करायचा. “पाच रुपये द्या, मग सांगतो की मी काही विकत नाही.” आम्ही पोट धरून हसायचो.

दिवाळी उलटल्यावर एका रविवारी आत्या आली. ती लालबागला राहायची. तिचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा, परळच्या एका गिरणीत मागावर काम करणारे साचेवाले होते. चार मुलं, सगळ्यांत धाकटी दीड वर्षाची. आत्या आली ती थेट माझ्याजवळ बसली आणि आईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, “तुका इंग्रजी वाचूक येता मां? माझ्यावांगडा एका जाग्यार चल.”

“कुठे गो?”

“तुझ्या क्लासाच्या वाटेर ती पाटी आसा, तू सांगितलंलं तां. पाच रुपयांची.”

मी चपापले. मग तिने सांगितलं. लग्नानंतर लगेच आतोबांनी एक विमा उतरवला होता, दुसऱ्याच एका कंपनीचा. आता दादाने त्यांना पटवलं होतं की तो बंद करून त्याच्या कंपनीचा नवा घ्यावा. जुन्याचा हप्ता त्यांनी या वेळी भरलाच नव्हता. नव्याचा अर्ज देऊन झाला होता, पहिल्या हप्त्याची अनामत भरली होती, आणि येत्या शनिवारी डॉक्टर तपासणार होता.

“मग दादालाच विचार ना,” मी म्हटलं.

आत्याने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. “भाचो माझो लाडको आसा. पण त्येका विचारलंय तर तो काय सांगतलो, तां माका आधीच म्हायत आसा.”

दुसऱ्या दिवशी आतोबा पहिल्या पाळीवरून सुटल्यावर आम्ही तिघं ठाकूरद्वारला गेलो. मला खरं तर दादाची बाजू घ्यायची होती. काका काहीबाही बोलले तर तिथल्या तिथे उत्तर द्यायचं असं मी ठरवलं होतं.

खोली लहान, नीटनेटकी. काका बारीक, ताठ, डोक्यावर काळी टोपी. त्यांनी आधी पाच रुपये घेतले, पावती फाडून दिली आणि मग म्हणाले, “आता मी तुमचा माणूस. विचारा.”

आतोबांनी जुनी पॉलिसी पुढे केली. काकांनी चष्मा न लावताच ती चाळली. “चार हजारांची आहे. आजन्म विमा. तुम्ही हयात आहात तोवर हप्ता भरायचा, तुमच्यामागे पैसे घरच्यांना. नवी कोणती?”

“दोन हजाराची,” आतोबा म्हणाले. “पंधरा वर्सांनी पैसे माज्याच हातात गावतले. भाचो म्हणता, जुन्या विम्यात माणूस मेल्याशिवाय पैसो बघूक मिळणा नाय.”

“ते खरं आहे,” काका म्हणाले. मला वाटलं, झालं, दादा जिंकला. पण ते पुढे म्हणाले, “हप्ता किती?”

जुना वर्षाला शंभराच्या आसपास होता, नवा एकशेचाळीसच्या. आतोबांचं वय वाढलं होतं आणि मुदतीच्या विम्याचा हप्ता मुळातच जास्त असतो, असं काकांनी समजावलं. मग त्यांनी आत्याकडे वळून विचारलं, “बाई, उद्या यांना काही झालं तर घरात कमावणारं दुसरं कोण?”

“कोण नाय.”

“मग आज तुमच्यामागे चार हजार आहेत. नव्यात हप्ता जास्त आणि मागे राहतात दोन हजार. मुलं मोठी झालेली असती, हातात पैसा खेळत असता, तर म्हातारपणासाठी तो विमा मी वाईट म्हटला नसता. पण तुमची धाकटी अजून पाळण्यात आहे.”

मला राहवलं नाही. “पण काका, दादा मुद्दाम कोणाला फसवणार नाही.”

“मी कुठे म्हटलं फसवतो?” ते शांतपणे म्हणाले. “मी इतकंच बघतो की पैसे कोण देतं. जुना विमा चालू राहिला तर तुझ्या भावाला एक पैसा मिळत नाही. ते कमिशन ज्याने विकला त्या एजंटाचं. नवा झाला तर पहिल्या वर्षाचं मोठं कमिशन याचं. शिवाय हप्ता जितका जास्त, तितकं कमिशन जास्त. अशा वेळी चांगल्या माणसालाही नवा विमाच चांगला दिसायला लागतो. त्याला तो खरोखरच चांगला वाटतो, हीच तर अडचण आहे.”

एवढ्यात आतोबांना खोकल्याची उबळ आली. साचेखात्यातल्या बहुतेकांना असते तशी, कापसाच्या तुसाने आलेली. ती थांबेपर्यंत काका त्यांच्याकडे बघत राहिले.

“नव्या अर्जात हा खोकला लिहिला आहे का?”

आतोबांनी आत्याकडे पाहिलं, आत्याने जमिनीकडे. “भाच्यान सांगितल्यान, खोकलो खंयच्या साचेवाल्याक नाय? लिवलंव तर डॉक्टर उगीच फाटे फोडीत.”

काका पहिल्यांदाच खुर्चीत पुढे सरकले. “हे मात्र वाईट झालं. जुनी पॉलिसी घेतलीत तेव्हा खोकला होता?”

“नाय. तेव्हा मी कुस्ती खेळायचो.”

“मग ती पक्की आहे. दोन वर्षं उलटली की तिच्यात किरकोळ चूक काढून कंपनीला हात वर करता येत नाहीत. नव्या पॉलिसीची दोन वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजली जातील. त्यात तुम्ही गेलात आणि खोकला लपवलेला निघाला, तर या बाईंच्या हातात काही येणार नाही. आणि जाणूनबुजून लपवलं असं कंपनीने सिद्ध केलं, तर दोन वर्षांनंतरही भांडण आहेच.”

आत्याचे डोळे एकदम भरले. पण ती रडणारी बाई नव्हती. पदराने नाक पुसून तिने विचारलं, “आता काय करूचां?”

“दोन गोष्टी. नवा अर्ज अजून मंजूर झालेला नाही, तो मागे घ्या. मंजुरीच्या आधी मागे घेतला तर अनामत परत मिळते. डॉक्टर अजून झालेला नाही, म्हणजे तोही खर्च नाही. आणि जुन्याचा हप्ता भरा. मुदत उलटल्यावर महिन्याची सवलत असते.” त्यांनी तारीख बघितली आणि बोटांवर दिवस मोजले. “सोमवारी संपते. त्यानंतरही पॉलिसी मरत नाही, इतकी वर्षं भरल्यामुळे काहीशी रक्कम शिल्लक राहते. पण पूर्ण चार हजारांची करायची तर मग प्रकृतीचा दाखला मागतील. आणि तुमचा खोकला...”

पुढचं त्यांना सांगावं लागलं नाही.

घरी दादाला कोण सांगणार हा प्रश्न होता. मीच सांगितलं, संध्याकाळी तो जेवायला बसला तेव्हा. आधी तो हसला. मग त्याच्या लक्षात आलं की मी नक्कल करत नाहीये.

“तू त्या फीवाल्याकडे गेलीस? माझ्या गिऱ्हाइकाला घेऊन?”

“गिऱ्हाईक काय रे, आतोबा आहेत ते!”

“हो ना! घरच्या माणसाचं वाईट करीन का मी? डिसेंबर आलाय. आतोबांचा विमा, अजून तिघांचा, आणि माझा कोटा पुरा. तुझ्या लग्नाला पैसे लागणार नाहीत का?”

“खोकला लिहू नका म्हणालास, ते?”

त्याने घास खाली ठेवला. आई मधे पडली, “जेवताना नको.” पण तो उठला, शर्ट चढवला आणि निघाला. मी त्याच्या मागे. रस्त्यावर सभेला जाणाऱ्यांची झुंड होती, मशाली होत्या. त्यातून दादा असा कापत गेला की मला जवळजवळ पळावं लागलं.

काका दार लावत होते. दादा उंबऱ्यातच उभा राहिला. “पाच रुपयांसाठी माझ्या पोटावर पाय दिलात तुम्ही.”

“आत या,” काका म्हणाले. “उभ्याने भांडण नीट होत नाही.”

दादा बसला नाही. “तुमच्याकडे येतं कोण, सांगा ना? ज्याला आधीच शंका आली तो. चार जिने चढून, दहादा नाही ऐकून, माणसाला विमा घ्यायला लावतो तो मी. तुमची पाटी बघून लालबागचा एक तरी साचेवाला कधी विमा उतरवेल का? गेल्या वर्षी आमच्या मागच्या चाळीतला एक मुलगा गेला. त्याच्या बायकोला पैसे मिळाले ते माझ्या चपला झिजल्या म्हणून.”

मला वाटलं काका चिडतील. ते म्हणाले, “हे खरं आहे तुमचं. माझ्याकडे आठवड्याला दोन माणसं येतात, कधी एकही नाही. एजंट नसते तर या शहरात निम्म्या विधवांना काही मिळालं नसतं. मी ते नाकारत नाही.”

दादाला हे अपेक्षित नव्हतं. तो बसला.

“पण आता मला एक सांगा,” काका म्हणाले. “त्या मुलाच्या अर्जात तुम्ही काही लपवलं होतं?”

“नाही.”

“म्हणून पैसे मिळाले. आतोबांच्या आत्ताच्या अर्जावर ती बाई कंपनीच्या दारात गेली असती, तर तिला तुमची आठवण कशी झाली असती?”

बाहेर कुठेतरी डफ वाजत होता. दादाने बराच वेळ बॅगेच्या कुलपाशी चाळा केला. घरून निघताना त्याने ती सवयीने उचलली होती.

“सगळेच करतात तसं,” तो शेवटी म्हणाला. “इन्स्पेक्टर स्वतः सांगतो. खोकला लिहिला तर केस लटकते.”

“इन्स्पेक्टरलाही कोटा असेल.”

“आहेच.” दादाला त्याही अवस्थेत हसू आलं. “त्याच्या वरच्यालाही आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा स्वतः लालबागला गेला आणि अर्ज मागे घेण्याच्या कागदावर आतोबांची सही आणली. इन्स्पेक्टर त्याला काय काय बोलला ते त्याने घरी कधीच सांगितलं नाही. आईने चार दिवस माझ्याशी अबोला धरला.

जुन्या हप्त्याचं अजून बाकी होतं. पगार हाती आल्यावर भरू, म्हणून आतोबा थांबले होते, आणि नेमकं सोमवारी सगळं शहर बंद ठेवायची हाक आली. काकांनी सांगितलेली सवलत संपायचा दिवस तोच. शनिवारी अर्धा दिवस कचेऱ्या उघड्या, मग रविवार, मग बंद. म्हणजे शनिवारी दुपारच्या आत फोर्टात पैसे भरले तरच.

शनिवारी सकाळी आतोबा आमच्याकडे आले ते धापा टाकत. लालबागहून निघालेली ट्राम मोर्चात अडकली होती, अर्ध्या वाटेवरून ते चालत आले होते. आतोबांना इंग्रजी येत नव्हतं आणि फोर्टातल्या कचेऱ्यांची त्यांना भीती वाटायची, म्हणून मी सोबत जाणार होते. दादा दाढी करत होता. त्याने अर्धी दाढी तशीच पुसली आणि म्हणाला, “थांबा. मी येतो.”

“तू?” मी म्हटलं. “दुसऱ्या कंपनीत?”

“वाट मला माहितेय. तिथला खिडकीवरचा कारकून माझ्या ओळखीचा आहे.”

आम्ही धोबीतलावमार्गे निघालो. जागोजागी घोळके, घोषणा, दुकानांच्या फळ्या निम्म्या लागलेल्या. आतोबांचा श्वास लागायचा, मग आम्ही पायरीवर बसायचो. दादा त्यांच्यासाठी कुठून तरी पाणी आणायचा. एका नाक्यावर पोलिसांनी दोर बांधले होते आणि पलीकडे सोडत नव्हते. दादा हवालदाराजवळ गेला.

“मोर्चाला नाही चाललो. यांचा विम्याचा हप्ता भरायचाय. आज चुकला तर बुडाला.”

हवालदाराने आतोबांकडे, मग दादाच्या बॅगेकडे बघितलं. “तू एजंट ना रे?”

“हो.”

“माझाही तूच उतरवलास बहुतेक. नायगावच्या पोलीस लाइनीत आला होतास.” त्याने दोर वर उचलला. “जा लवकर. आणि माझ्या पॉलिसीचं एकदा बघ बाबा, हप्ता झेपत नाही.”

आम्ही दोराखालून वाकून गेलो. दादाच्या गालांवर लाली चढलेली मला दिसली.

खिडकी बंद व्हायला आली होती. कारकुनाने दादाला बघून भुवया उंचावल्या. “काय राव, आमच्याकडे? गिऱ्हाईक पळवायला आलात काय?”

“आज परत द्यायला आलोय,” दादा म्हणाला.

पैसे भरले, शिक्का पडला. आतोबांनी पावतीची घडी करून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली आणि त्यावर हात ठेवूनच ते परत चालले. वाटेत त्यांनी आम्हाला एका इराण्याकडे बळेच नेऊन मस्कापाव खायला घातला. दादाने दोन खाल्ले. त्या गडबडीत त्याची दाढी अर्धीच आहे हे वेटरने सांगेपर्यंत आम्ही तिघंही विसरलो होतो.

डिसेंबर संपला आणि दादाचा कोटा थोडक्यात चुकला. इन्स्पेक्टरची जागा हुकली. पण जानेवारीत एका सकाळी रेडिओवर बातमी आली की सगळ्या विमा कंपन्या सरकारने आपल्या ताब्यात घेतल्या. आमच्या गॅलरीत तो संयुक्त महाराष्ट्राच्या चर्चेइतकाच मोठा विषय झाला. ज्या कंपनीतल्या इन्स्पेक्टरच्या जागेसाठी आटापिटा चालला होता, ती कंपनीच उरली नाही. आतोबांच्या जुन्या विम्याची कंपनी आणि दादाची कंपनी पुढे एकाच छपराखाली गेल्या. एजंट मात्र राहिले, कमिशनही राहिलं.

दादाने त्यानंतर एक वेडेपणा सुरू केला. गिऱ्हाइकाला तो स्वतःच सांगायचा, “बघा, यात मला इतके इतके मिळतात. आता मी जे बोलतो ते त्या हिशेबाने ऐका.” त्याला वाटलं होतं लोक विश्वास ठेवतील. झालं असं की पहिल्याच गिऱ्हाइकाने, एका हॉटेलवाल्याने, लगेच विचारलं, “इतके? मग त्यातले निम्मे मला द्या!” कमिशन गिऱ्हाइकाला वाटून देणं कायद्याने गुन्हा आहे, अर्जावरच छापलेलं असतं, हे त्याला समजावता समजावता दादाच्या नाकी नऊ आले. हॉटेलवाला म्हणाला, “छापलेलं असतं हो, पण दुसरा एजंट देतो.” ते काम दुसऱ्यालाच गेलं. दादा घरी येऊन उताणा पडला आणि म्हणाला, “खरं बोलण्याचा कोटा किती असतो, ते विचारायला हवं काकांना.”

विचारायला तो जायचा मात्र खरा. मलाही काकांनी टायपिंगला ठेवलं होतं, आठवड्यातून तीन दुपारी. एकदा दादा म्हणाला, “काका, मी तुमच्याकडे माणसं पाठवतो. त्या नायगावच्या हवालदारालाही पाठवलं. तुमची फी पाच, त्यातला एक रुपया मला देत जा.”

काकांनी पेन खाली ठेवलं. “म्हणजे उद्या तुम्ही ज्याला पाठवाल त्याला मी तुमच्याबद्दल वाईट कसं सांगू?”

“माझ्याबद्दल वाईट काय आहे सांगण्यासारखं?”

“ते मी त्याच्याकडून फी घेऊनच सांगेन.”

आईचं आणि त्यांचं असंच बिनसलं. आईने एकदा माझ्याबरोबर त्यांना ओल्या काजूची उसळ पाठवली. त्यांनी डबा न उघडता परत दिला. “तुझ्या आईला सांग, मुलगा विमा विकतो. मी तिची उसळ खाल्ली तर माझी जीभ तिच्या मुलाच्या बाजूने वळेल.” आई भडकली. “उसळीने कोणाची जीभ वळते का?” पण मग स्वतःच म्हणाली, “माझ्या हातची खाल्ली असती तर वळली असती खरी.” गणपतीत त्यांनी आमच्याकडचा मोदक प्रसाद म्हणून खाल्ला, एकच, आणि आई तेवढ्यावर समाधानी झाली.

काकांचीही एक बाजू मला तिथे बसून कळली. फी देणारा माणूस आला की त्याला ‘काही करू नका, आहे ते ठीक आहे’ असं सांगणं त्यांनाही जड जायचं. पाच रुपये घेऊन एवढंच? असं समोरच्याच्या तोंडावर उमटायचं. मग ते उगाच बोनसाबद्दल अर्धा तास समजावत बसायचे. एकदा दादाने ते ऐकलं आणि हसून म्हणाला, “काका, हा तुमचा कोटा दिसतोय.” काका आधी रागावले, मग टोपी काढून हसले. आणि गरीब माणूस त्यांच्याकडे क्वचितच यायचा. दादाचं ते म्हणणं शेवटपर्यंत खरंच राहिलं. नंतर नंतर काका गिरणीची सुट्टी बघून महिन्यातून एका रविवारी लालबागला आत्याच्या चाळीत जाऊन बसू लागले, फी एक रुपया करून. चाळीत माणसं गोळा करण्याचं काम दादाने केलं. विकण्याचा अर्ज त्या दिवशी बॅगेत ठेवायचा नाही, ही काकांची अट होती. आत्या दादाची बॅग उघडून बघायची आणि मगच त्याला चहा द्यायची.

दादाचं लग्न ठरलं ते इन्स्पेक्टर न होताच. मुलगी दादरची, शाळेत शिकवणारी. तिने बघण्याच्या कार्यक्रमातच विचारलं, “तुमचा स्वतःचा विमा किती आहे?”

दादाने आमच्याकडे पाहिलं. आम्ही त्याच्याकडे. शेकडो लोकांना विमा विकणाऱ्या आमच्या दादाचा स्वतःचा विमा एकच होता, कंपनीने एजंटांसाठी ठेवलेल्या एका स्पर्धेत घड्याळ मिळावं म्हणून घेतलेला.

दुसऱ्या दिवशी तो ठाकूरद्वारला आला. मी टाइपरायटरपाशी बसले होते. माझ्याकडे न बघता त्याने पाच रुपये टेबलावर ठेवले. “पावती द्या. आज मी गिऱ्हाईक आहे.”

काकांनी पावती फाडली. मग त्यांनी त्याला इतके प्रश्न विचारले की दादाला घाम फुटला. घरात किती जण, आई कोणावर अवलंबून, बहिणीचं लग्न व्हायचंय का, खोकला आहे का. शेवटी त्यांनी सांगितलं, आजन्म विमा घ्या, हप्ता झेपेल एवढाच, मुदतीचा नंतर बघू.

“घेतो,” दादा म्हणाला. “पण कोणाकडून घेऊ? मला ओळखणारा एकही एजंट मला विकायला धजणार नाही.”

“स्वतःकडूनच घ्या.”

“म्हणजे त्यातलं कमिशन मलाच?”

“तुम्हालाच. खरा एजंट असेल आणि विमा स्वतःच्याच आयुष्याचा असेल, तर कायद्याने चालतं.” काकांच्या मिशीखाली हसू हललं. “या शहरात मला ठाऊक असलेला हा एकच सौदा आहे, ज्यात एजंट आणि गिऱ्हाईक दोघांचं हित एकच असतं.”

दादा इतक्या जोरात हसला की वाडीतली माणसं दाराशी येऊन बघू लागली. त्याने तिथेच बसून अर्ज भरला. प्रकृतीच्या रकान्यात त्याने लहानपणीच्या गोवरापासून सगळं लिहिलं, अगदी दात दुखतो तेही. काका म्हणाले, “एवढं नको.” दादा म्हणाला, “असू दे काका, वाचू दे त्यांना.” आणि खाली सही ठोकून मला म्हणाला, “चल, घरी जाऊ. आईला सांगू या की आज एक केस झाली.”